सुविधा कोणाची?

मांडवीच्या जेटीवर आम्ही सहा म्हाताऱ्या रोज संध्याकाळी बसतो. मुंबईचं नाटक येणार हे कळताच मी फोन उंचावून सांगितलं, "सगळ्यांची तिकिटं मी काढते, ऑनलाइन!" नाट्यगृहाची खिडकी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे जादा पैसेही पडत नाहीत. पण मग तोरा कसा मिरवणार?

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मेसेज आला: नायक आजारी, प्रयोग रद्द. चार दिवसांनी पैसे खात्यात परत आले, पण सुविधा शुल्क कापून. जेटीवर मैत्रिणींना त्यांचे पैसे परत दिले आणि हिशेब दाखवला.

"बाकीचे खाल्लेस की काय गो?" एकीने डोळा मारला. सगळ्या खिदळल्या. मला मात्र ते लागलं.

तरुणपणी मी अशी नव्हते. तेव्हा तंबूतला एक खेळ ऐनवेळी रद्द झाला होता, व्यवस्थापकाने हात जोडले आणि मी, ती शहाणी सून, चक्क टाळ्या वाजवल्या! तिकिटाचे पैसे मागायचे हे डोक्यातच आलं नाही. वर घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "फार नम्र होता हो बिचारा." आज ती शहाणी सून भेटली तर तिचे कान पिळीन.

तिकिटांच्या ॲपवर तक्रार केली. उत्तर आलं, शुल्क परत मिळत नाही, अटींमध्ये लिहिलंय. होतंच लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरांत. मग आयोजकाला ईमेल केला: 'प्रयोग मी रद्द केला नाही, तुम्ही केलात. सुविधा मग कोणाची?' त्याने लगेच कळवलं, 'ते शुल्क आमच्याकडे येत नाही, ॲपवाले घेतात.'

दुसऱ्या दिवशी नव्या तारखेची विक्री सुरू झाली. खिडकीत तो आयोजकच बसला होता. पाचही मैत्रिणींना घेऊन मी रांगेत उभी राहिले. मजा येत होती.

"शुल्क ॲपवाल्यांनी घेतलं, कबूल. पण ते ॲप निवडलं कोणी?" मी विचारलं.

"आजी, जरा हळू बोला ना."

"हळू बोलून एकदा टाळ्या वाजवल्यात रे मी! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकू का?"

रांगेतला एक काका म्हणाला, "माझंपण कापलंय हो!" त्याच्या मागून आणखी एक हात वर झाला.

आयोजकाने रांगेकडे पाहिलं आणि कपाळ पुसलं. "बरं, प्रयोग आम्ही रद्द केला, तर शुल्क आम्ही सोसतो. ज्यांनी ज्यांनी ऑनलाइन काढली होती, त्यांनी बुकिंगचा मेसेज दाखवा."

मी मेसेज दाखवला, त्याने पैसे पाठवले आणि माझ्या फोनवर टिंग वाजलं. तिथेच, रांगेतच, मी पाचजणींना त्यांच्या शुल्काचे पैसे पाठवले. पाच फोन एकापाठोपाठ टिंगटिंगले.

"खाल्लं नाहीस हो," जेटीवर डोळा मारणारी म्हणाली. "आता नवी तिकिटं काढ. ऑनलाइन?"

"गप मेली," मी म्हटलं आणि खिडकीत हात घातला. "सहा द्या. कागदाची."