दोन्ही टोकांना पेटलेला टेस्टर

बंदराजवळच्या द्रोणागिरीत ज्या गोदामात मी वायरमन होतो, तिथं कापसाच्या गाठी असायच्या. काडी ओढायलाही बंदी. म्हणून चहा व्हायचा तो फाटकाजवळच्या खोलीत, विजेच्या शेगडीवर. करणारी बाई जवळच्याच गावातली. तिची शेती बंदरापायी गेली होती आणि त्या बदल्यात ठेकेदारानं तिला हे काम दिलं होतं. सगळे तिला मावशी म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही.

ती मला घाटी म्हणायची. मी साताऱ्याकडचा, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. पण हमालांच्या देखत म्हणायची आणि चहा सगळ्यात शेवटी द्यायची, कान तुटलेल्या कपात. "तुमी आले नि आमची शेतां गेली," म्हणायची. जणू तिची शेती मी पिशवीत घालून गावाकडं नेली होती.

एका सकाळी शेगडी तापेना. गोदामाच्या साहेबांकडं बाहेरची माणसं आली होती, त्यांच्यासमोर चहा नाही. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, आज शेगडी चालू झाली नाही तर उद्यापासून येऊ नकोस. तिच्या तोंडाळपणाला ते आधीच विटले होते.

मी हत्यारं घेऊन गेलो. भिंतीच्या सॉकेटला दिवा लावून पाहिला, लागला. शेगडीची खालची पत्र्याची थाळी खोलली. जिलबीसारखी वेटोळ्यांची काळी नळी, तिची दोन टोकं, एक फिरवायचं बटण. बटण चालू करून टेस्टर एका टोकाला लावला, पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तिथंही पेटला.

ती मागं उभी होती. "तुजा टेस्टर पेटतं, माजा दूद का नाय तापत? टेस्टरवर टोप ठेवू का?"

दारातले हमाल हसले.

खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. करंट बटणातून नळीत शिरून दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होता, म्हणजे बटण ठीक, नळीही ठीक. परतीची वायर मात्र कुठंतरी तुटलेली. परत जायला वाट नाही तर करंट वाहत नाही, टेस्टर तेवढा दोन्हीकडं पेटतो. शेगडीला मागून खोचायची जी पिन असते, ती काळी पडली होती, जळका वास येत होता. तुटलं होतं ते तिथंच. पिन खोलून, वायरचं जळकं टोक कापून पुन्हा आवळायचं, एवढंच काम.

मी थाळी बसवली आणि शेगडी वायर-पिनेसकट उचलून साहेबांच्या टेबलावर नेली. त्यांच्या सॉकेटला लावली, थाळी काढून टेस्टर दोन्ही टोकांना लावून दाखवला.

"करंट तर येतोय," साहेब म्हणाले.

"येतोय, साहेब."

"मग?"

"वापरणाऱ्याचा हात," मी म्हणालो. "रोज दूध उतू घालवायचं, ओल्या हातानं पिन ओढायची. नवी आणली तरी हेच होणार."

त्यांनी शेगडीला हात लावून पाहिला नाही. ठेकेदाराला फोन लावला.

दाखवलं ते खरं होतं, याच आधारावर मी कित्येक वर्षं स्वतःला सोडवत आलो. टेस्टर पेटला होताच ना. पण मी जे सांगितलं नाही त्याच्यापायी तिचं काम गेलं.

दुसऱ्या दिवशी नवा चहावाला आला. त्यानं हाक मारली तसा मी गेलो आणि पिन खोलली. परतीच्या वायरचं टोक स्क्रूपाशी जळून सुटलेलं, जिथं वाटलं होतं तिथंच. पितळ घासलं, वायर कापून सोलली, घट्ट आवळली. नळी लालबुंद झाली. दूध ठेवलं.

तेवढ्यात ती आली, आपली भांडी न्यायला. दारातच थबकली. त्याच शेगडीकडं, त्याच नळीकडं पाहत राहिली. मग माझ्याकडं.

"नवीन आनली कं?" तिनं विचारलं.

चहावाला बिचारा म्हणाला, "नाय वो मावशी, जुनीच. ह्या भाऊंनी पाच मिनिटांत केली."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. वाट पाहत होतो म्हटलं तरी चालेल. शिव्या घातल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

"काल तुजे हात नव्हते?" ती एवढंच म्हणाली.

मी पिन न्याहाळत राहिलो.

तिनं शेगडीवरचा टोप पदरानं धरून उचलला. "यो माजा हाय." कढत आलेलं दूध तिनं मोरीत ओतलं, टोप विसळला, पिशवीत घातला. कपही घेतले, सगळे. कान तुटलेला तेवढा टेबलावर, माझ्यासमोर ठेवला आणि गेली.

शेगडी रिकामीच तापत होती. बटण चहावाल्यानं बंद केलं. मला ते सुचलंच नाही.