चुड्याच्या दिवशी मी प्यायलेली लस्सी

काय झालं ते सांगतो, पण मध्ये हसायचं नाही. आमच्या पनवेलच्या बिल्डिंगमध्ये अजून हसतातच.

वरच्या मजल्यावरच्या पंजाबी कुटुंबातली सिमरन. तिच्या बाबांचं पळस्प्याला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, आई दिवसभर तिथेच. म्हणून शाळेतून आली की पोरगी आमच्याकडे. वरण-भात खायची, पाढे म्हणायची आणि मला मामा म्हणायची. केव्हा लग्नाची झाली, कळलंच नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिची आई भेटली. म्हणाली, "भाईसाहब, कल सुबह चूडा है. मामा चूडा पहनाता है, तब तक मामा-मामी का व्रत."

मामा कोण? मीच की! बायको म्हणाली, "अहो, तिला सख्खा मामा असेल." मी ऐकलं नाही. सकाळचा चहासुद्धा सोडला.

बायकोला घेऊन वर गेलो, तर लुधियानाहून आलेला सख्खा मामा बसलेला. सहा फुटी, तोही उपाशी. आता परत कसं फिरणार? गुपचूप कोपऱ्यात बसलो. पूजा लांबली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "कच्ची लस्सी लाओ." एक बाई पितळी वाडगा माझ्या शेजारी ठेवून गेल्या. दूध-पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या. वाटलं, उपास सोडायला दिलं. पाकळ्या फुंकल्या आणि गटागट प्यायलो.

रिकामा वाडगा खाली ठेवून तोंड पुसलं.

"चूडा किसमें धोएँगे?" सिमरनच्या आईने विचारलं.

तेव्हा कळलं. लाल-पांढऱ्या बांगड्यांचा तो चुडा आधी कच्च्या लस्सीत धुतात. मग सगळे नातेवाईक त्याला हात लावून आशीर्वाद देतात आणि मामा-मामी तो नवरीला घालतात. नवरीने तो बघायचा नसतो, म्हणून डोळे मिटलेली सिमरन विचारत होती, "मामा, काय झालं?"

"काही नाही गं, तहान लागली होती."

सख्खा मामा खो खो हसला. दुसरी लस्सी आली. चुडा धुतल्यावर त्याने तो आधी माझ्यासमोर धरला. "पहले आप. इसने बचपन आपके यहाँ बिताया है." बांगड्यांना हात लावताना मला पाढे म्हणणारी ती दोन वेण्यांची पोर दिसत होती. डोळे पुसायला मी खाली वाकून रुमाल शोधू लागलो.

चुडा चढला, वर पांढरं कापड झाकलं. मग बहिणींनी त्याला कलीरे बांधले, म्हणजे सोनेरी झुंबरं. नवरी ती बिनलग्नाच्या मुलींच्या डोक्यावर हलवते. जिच्यावर तुकडा पडेल, तिचं लग्न पुढचं. मुली गोळा झाल्या, आणि मी अजून रुमालच शोधत त्यांच्या मधोमध.

तुकडा माझ्या टकलावर पडला.

"अगली शादी आपकी," मामा म्हणाला.

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "चालेल. फक्त नव्या नवरीला आधी लस्सीचं सगळं खरं सांगा."