अकरा रिळं घेतलेलं नाव

यज्ञेश्वर मास्तरांनी पन्नाशीला टेकल्यावर सिनेमातली बाई धरली, ही बातमी शिवाजी पेठेत पहिल्यांदा कुणी सोडली ते मला विचारू नका. माझ्याकडं आली तेव्हा ती चांगली भरदार होती. शाळा सुटली की मास्तर घरी न जाता स्टुडिओत जातात, एका खोलीत शिरतात, पडदे ओढतात आणि दिवेलागणीपर्यंत त्या नटीच्या तोंडाकडं बघत बसतात.

यातलं बघत बसणं तेवढं खरं होतं. पण नटी होती तळहाताएवढ्या काचेत. त्या यंत्राला मुव्हिओला म्हणतात. पायानं कळ दाबली की फिल्म पुढं पळते, दुसरी दाबली की मागं येते. नटी एक वाक्य बोलायची, मास्तर तिला मागं न्यायचे, ती बिचारी पुन्हा तेच बोलायची. मास्तर तिचे शब्द सोडून फूट मोजायचे. असला प्रियकर पेठेनं बघितला नव्हता.

भानगड अशी होती. जयसिंगपूरचे गुळाचे व्यापारी बाळासो यांनी एका मराठी बोलपटात पैसा घातला होता. दिग्दर्शक आपल्याच पेठेतले जोतीराम आण्णा. चित्र अजून पुरं व्हायचं होतं तेवढ्यात परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवाचं बोलावणं आलं, आणि तिथला नियम म्हणजे पडद्याच्या खाली इंग्रजी ओळी पाहिजेत. कोल्हापुरात इंग्रजी जाणणारे पुष्कळ, पण सिनेमात माणसं जेवताना, भांडताना कशी बोलतात ते इंग्रजीत आणणारा एकच, असं आण्णांचं मत. दोघं एका बाकावर शिकलेले. आण्णा म्हणाले, "यज्ञ्या, तेवढं तुझ्याकडं लागलं." मास्तर हो म्हणाले. तीस वर्षं पोरांकडून उतारे भाषांतरित करून घेतले होते, हे काय अवघड, असं त्यांना वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मास्तर उतरल्या तोंडानं माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"काय हो, नटी रुसली का?" मी विचारलं.

"इंग्रजी मावत नाही," ते म्हणाले.

"कशात?"

मग त्यांनी मला शिकवणी दिली. फिल्म सेकंदाला दीड फूट पळते. माणूस जितके फूट बोलतो तितकेच फूट खाली ओळ टिकणार. फुटाला आठ अक्षरं धरायची, मोकळ्या जागाही त्यातच. जास्त घातली तर वाचणाऱ्याचं वाचून व्हायच्या आत ओळ जाते, आणि वाचायच्या नादात नटीचं तोंड बघायचं राहतं ते वेगळंच. बरं, ओळ थोडी जास्त वेळ ठेवावी तर पुढचं माणूस बोलायला लागलेलं असतं.

"आता हे बघा," मास्तर म्हणाले. "ती सासूला सांगते, तानीच्या बानं सकाळधरनं काय खाल्लं न्हाय. दोन सेकंदांत संपवते. तीन फूट. म्हणजे चोवीस अक्षरं. त्याचं सरळ इंग्रजी चाळिसावर जातं."

"मग सकाळ काढा."

"काढली. तरी मावत नाही. तानीचा बा म्हणण्यातच तेरा अक्षरं जातात."

अडचण खरी तिथंच होती. चित्रातली सून आपल्याच इकडच्या खेड्यातली. ती नवऱ्याचं नाव घेईल कशी? कधी तानीचा बा, कधी आमचं धनी, कधी नुसतं हे. धनीचं इंग्रजी केलं तर साहेबाला वाटणार बाई मोलकरीण आहे. नुसतं तो म्हणावं तर घरात सासरा आहे, दीर आहे, गडी आहे. तो म्हणजे कोण? नवऱ्याचं नाव होतं सदू. इंग्रजीत चार अक्षरं.

मास्तरांनी सदू घातला. सदू आज जेवला नाही. तेवीस अक्षरं झाली, एक उरलं. त्या दिवशी मास्तर घरी जाताना चक्क शीळ घालत गेले. त्यानंतर जिथं जिथं ओळ लांबेल तिथं सदू. सदू रानात गेला, सदूला सांगू नका, सदू, ऐकलंत का. सून प्रत्येक रिळात नवऱ्याचं नाव घ्यायला लागली, आणि ओळी झकास बसायला लागल्या. श्यामलाबाई, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, एकदा कुंपणापलीकडून मला म्हणाल्या, "कधी नव्हे ते यांचं काम वेळेवर चाललंय." मास्तरांना उभ्या जन्मात त्यांनी 'हे' नाहीतर 'यांचं' याखेरीज दुसरं काही म्हटलेलं नाही, पण तेव्हा ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझ्या डोक्यात सहसा दुसऱ्याचं सगळं येतं.

एकेक रीळ पक्कं झालं की मास्तरांच्या ओळी मुंबईला जायच्या. तिथं लॅबोरेटरीत प्रत्येक ओळीचा धातूचा ठसा पाडायचे आणि तो फिल्मच्या एकेका चित्रावर दाबून अक्षरं उमटवायचे. एकदा उमटली की पुसायची सोय नाही. प्रिंट नवी काढायची, दुसरं काही नाही. घाई होती म्हणून अकरा रिळं अशीच पुढं गेली. बारावं तेवढं राहिलं, कारण आण्णा ते कुणाला दाखवत नव्हते. रोज कापायचे, रोज जोडायचे. कागदावर शेवट एवढाच होता: पूर. माणसं नावेत. बायका काठावर. ती हाक मारते.

बारावं रीळ बघायला मीही गेलो. काम काही नव्हतं, नटी बघायची होती. खोलीत आण्णा, मास्तर, मी आणि दाराशी खुर्ची टाकून बाळासो.

आण्णांनी कळ दाबली. पंचगंगेला पूर. सांजवेळ, पाण्यावर धुकं, नाव भोवऱ्यात सापडलेली, नावेत सात-आठ गडी, आणि काठ कुठल्या अंगाला आहे ते त्यांना दिसेना. काठावर बायका ओरडतात. अवं, इकडं. अवं, इकडं. सगळ्याच अवं म्हणतात, आणि नावेतला जो तो प्रत्येक अवंला वळून बघतो. कुणाची कुठली, कुठनं, काही समजेना. मग ती सून कमरेएवढ्या पाण्यात शिरते. तोंड उघडते, मिटते. एकदा मागं सासऱ्याकडं बघते. आणि हाक मारते, "सदूऽऽ".

नावेतला सदू वल्हं धरून तिकडं वळतो. काठावर सासरा डोईचं मुंडासं काढून हातात घेतो. संपलं.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. बाळासो गुळाचा भाव विसरल्यासारखे बसले होते. आण्णा मास्तरांकडं बघून म्हणाले, "हे कागदावर लिवलं नव्हतं. नदीवर उभं राहिल्यावर सुचलं. त्या पोरीला सांगितलं, नाव घे. ती घेईना, तिला बी जड गेलं. सगळं चित्र ह्या हाकेसाठी हाय, यज्ञ्या. बाकी कायबी गेलं तर जाऊ दे, हे साहेबाला कळलं पायजे."

मास्तरांनी कळ दाबून बाईला मागं नेलं. पुन्हा हाक. पुन्हा मागं. चौथ्या खेपेला आण्णांनी त्यांचा गुडघा धरला.

"काय झालं रं?"

"आण्णा," मास्तर म्हणाले, "इंग्रजीत ती पहिल्या रिळापासून त्याला सदूच म्हणते आहे."

आण्णांना उमजायला थोडा वेळ लागला. उमजलं तेव्हा ते उठले आणि खोलीतल्या खोलीत एक फेरी मारून परत तिथंच बसले.

"कुणी सांगितलं हुतं?"

"तानीचा बा मावत नव्हता."

"मावत नव्हता म्हणून तू तिला पहिल्या रिळापासनं नाव घ्यायला लावलंस व्हय?"

"तुझा शेवट तू आधी दाखवला असतास तर," मास्तर म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं. दोघांनाही ठाऊक होतं, आता त्याचा काही उपयोग नाही.

मास्तर बाळासोंकडं वळले. अकरा रिळांची नवी प्रिंट काढता येईल का? बाळासो म्हणाले, "मास्तर, काढली असती की. पर पेटी चार दिसांत बोटीवर चढाय पायजे. न्हाय चढली तर म्होत्सव त्यांचा, चित्र आपल्या घरात."

मग सुरू झाली ती खटपट आठवली की अजून हसू येतं आणि मग येत नाही. हाक दोन फुटांची. म्हणजे सोळा अक्षरं. मास्तरांनी मांडून बघितलं: ती पहिल्यांदा नाव घेते, असं सांगायला तिप्पट जागा पाहिजे. आणि सांगून तरी काय, अकरा रिळं वाचून आलेला साहेब म्हणणार, ही बाई खोटं बोलते. ती तोंड उघडून मिटते तिथं ओळ घालावी का? तिथं जागा होती, चांगली आठ-नऊ फूट.

"तिथं न्हाय," आण्णा म्हणाले. "ती गप हाय तिथं. गप बाईच्या तोंडाखाली अक्षरं घालतोस?"

"मग इतर बायकांच्या ओरडण्यावर घालतो. आपल्या देशात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, असं."

"त्या अवं म्हणत्यात, आणि खाली तू भूगोल शिकवणार?"

मी म्हटलं, "सदूच्या जागी सदाशिव लिहा. निदान काहीतरी वेगळं दिसेल." दोघांनीही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी उठून बाहेर चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा मास्तर कागदासमोर बसले होते आणि आण्णा खिडकीकडं तोंड करून. मास्तरांनी एकामागून एक ओळ लिहिली, अक्षरं मोजली, खोडली. एखादी मावायची, पण तिच्यात काही नसायचं. जिच्यात काही होतं ती मावायची नाही. शेवटी त्यांनी त्या दोन फुटांसमोर रेघ ओढली.

"हाकेला ओळ नाही," ते म्हणाले. "तिचा आवाज आहे तेवढा जाऊ दे."

आण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मास्तरांनी विचारलं नाही.

पेटी गेली. बाळासो स्वतः बोटीनं गेले, नवा कोट शिवून. दोन महिन्यांनी परत आले आणि पेठेत चौकातल्या पानाच्या दुकानासमोर उभे राहून आम्हाला हकीकत सांगितली. लोक भले होते, टाळ्या वाजवल्या, पुराचं चित्रीकरण फार वाखाणलं. नंतर एका वयस्क मडमेनं दुभाष्याकरवी विचारलं, शेवटी ती एवढी ओरडली ते का, त्या सदूला ऐकू कमी येतं का?

आम्ही हसलो. मी तर फार हसलो. आण्णा हसले नाहीत. ते पान न खाताच दुकानासमोरून निघून गेले. पुढं त्यांनी दोन चित्रं केली, त्यांना इंग्रजी ओळी लागल्या नाहीत, की लागू दिल्या नाहीत, ते ठाऊक नाही. बोलणं तुटलं नव्हतं. भेटले की आण्णा "काय यज्ञ्या" म्हणायचे आणि मास्तर "ठीक" म्हणायचे. पूर्वी तेवढ्यावर भागत नसे.

कोल्हापुरात चित्र लागलं तेव्हा मास्तर श्यामलाबाईंना घेऊन गेले. मागच्या रांगेत मी होतो. हाक आली तशी बायकांच्या बाजूला इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज ऐकू आला. मास्तर पडद्याकडं बघत नव्हते. पडद्याच्या खालच्या काठाकडं बघत होते, जिथं आमच्या प्रिंटवर काहीच नव्हतं.

बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, एवढं मोठं तुमचं इंग्रजी, आणि एका बाईची एक हाक तुम्हाला पोचवता आली नाही?"

मास्तर टांगा शोधत होते. सापडल्यावर म्हणाले, "तुम्हाला बोलायला आख्खी गल्ली आणि दिवसभर वेळ असतो. मला दोन फूट होते."