एक वर्ष, आठ एप्रिलपर्यंत

कोंबड्यांच्या शेडचा करार मी पहिल्यांदा नीट वाचला तो फेब्रुवारीत, आणि तोही कंपनीच्या सुपरवायझरने वाचायला लावला म्हणून.

मिरजगावच्या पुढे आमचं गाव. नवऱ्याची नगरच्या एमआयडीसीतली नोकरी गेली तेव्हा दोन वाटा होत्या. त्याने पुण्याला जाऊन खोली करून राहायचं, नाहीतर गावातच काहीतरी बघायचं. गावातल्या एका म्हाताऱ्यांची शेड रिकामी होती. त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, मीही म्हणायचे. शेड आम्ही भाड्याने घेतली. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, सांभाळ आमचा, असा व्यवहार. पिल्लू विकण्याजोगं व्हायला सहा आठवडे लागतात, मग कंपनीची गाडी येऊन पक्षी उचलते. खाली अंथरलेलं भाताचं तूस बदलायचं, शेड धुवायची, चुना मारायचा, की पुढची बॅच. वर्षभर नवरा घरी जेवत होता. माझ्या दृष्टीने हाच त्या धंद्याचा खरा नफा.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या वर्षाची शेवटची बॅच टाकायची होती. म्हणजे पक्षी उचलले जाणार एप्रिलच्या सुरुवातीला. सुपरवायझरने करार मागितला, कारण शेड आमच्याकडे असेपर्यंतच कंपनी पिल्लं देते. तो पानावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, इथं मुदत लिहिलीय एक वर्ष. सुरुवात बावीस मार्च. मग ते संपतं एकवीस मार्चला. खाली अखेर लिहिलीय आठ एप्रिल. यातलं खरं काय? एकवीस मार्च खरं असेल तर पक्षी उचलायच्या आधीच तुमची मुदत संपते. हे जुळवून आणा, मग पिल्लं."

मी चिडले. वर्षभरात एक पिल्लू कमी-जास्त झालं नव्हतं आमच्याकडून, आणि हा तारखा मोजत बसलाय! पण तो गेल्यावर मीच ओट्यावर बसून मोजलं, आणि तो बरोबर होता. वर्ष आणि तारखा एकमेकांशी बोलत नव्हत्या. ही बॅच हातची गेली असती तर सहा आठवडे शेड नुसती उभी राहिली असती, आणि नवऱ्याने पुण्याची बॅग आत्ताच भरली असती.

मामांकडे गेले. ते गव्हाणीत कडबा टाकत होते.

"त्यात काय चुकलंय? पाडवा ते पाडवा, एक साल. वकिलाला मीच सांगितलं हुतं. गडी असू दे, रान असू दे, आमच्यात साल पाडव्यालाच फिरतं."

"मामा, पण गेला पाडवा बावीस मार्चला होता. येणारा नऊ एप्रिलला आहे."

"मंग?"

"मग ते वर्षापेक्षा जास्त होतंय."

"असं कसं जास्त हुईल? पाडवा एकच असतो की सालाला!"

तेवढ्यात त्यांच्या जावयाचा फोन आला. पाडव्यापासून शेड जावई चालवणार, हे मामांनी दिवाळीतच सांगितलं होतं. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम मोठ्या आवाजात. माझं काम ऐकून जावई म्हणाला, "कागदावर एक वर्ष हाय ना? मग एकवीस मार्चला ताबा घ्या. कागद आपल्या बाजूनं हाय, मामा."

फोन ठेवून मामा मला म्हणाले, "उद्या कर्जतला जाऊ. वकिलालाच विचारू."

मला तेव्हाच वाटलं, गेली शेड. घरच्या माणसासमोर भाडेकरणीचं कोण ऐकतं?

कर्जतला कोर्टाजवळ वकीलसाहेबांचं ऑफिस आहे. करार त्यांनीच टाइप करून नोटरी केला होता. त्यांनी कागद बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मामा, मधे अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना. तुमचं साल तेरा महिन्यांचं झालं. तुम्ही म्हणालात एक साल, ते मी लिहिलं. तुम्ही म्हणालात पाडवा ते पाडवा, मी दोन्ही पाडव्यांच्या तारखा काढून लिहिल्या. दोन्ही एकमेकांशी ताडून बघायचं मात्र राहिलं."

"म्हंजे पाडवा खरा का साल खरं?" मामांनी विचारलं.

"भांडायचं तर दोन्हीकडून भांडता येईल. ताई म्हणतील तारीख स्पष्ट लिहिलीय, तुम्ही म्हणाल मुदत स्पष्ट लिहिलीय. शिवाय एक वर्षाच्या वर मुदत गेली की करार रजिस्टर करावा लागतो, आणि हा नुसता नोटरी केलेला आहे. म्हणजे वरच्या दिवसांसाठी ताईंचा कागद कच्चा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी ताबा तुमचा आहे. अडून बसलात तर लगेच कोणी बाहेर काढू शकत नाही. पण पिल्लांना कोर्टाची तारीख कळत नाही."

खोटं कशाला सांगू, क्षणभर अडून बसायचा विचार माझ्या मनात आला. जावयाच्या त्या आवाजाची चीड डोक्यात होतीच.

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वकीलसाहेब, मी हिला सबूद दिला तवा माझ्या मनात काय हुतं? पाडवा. हिच्या मनात काय हुतं? पाडवा. धोंडा मधी आला त्यो काय हिनं आनला? पाडव्याच्या आदल्या दिसापत्तुर शेड हिची. जावयाचं मी बघतो. तुमी कागद सरळ करा."

वकीलसाहेबांनी दोन कागद केले. जुन्या करारात दुरुस्ती: मुदत एक वर्ष, बावीस मार्च ते एकवीस मार्च. आणि एक नवा, छोटा करार: बावीस मार्च ते आठ एप्रिल, दोन्ही दिवस धरून, मुदत अठरा दिवस. मध्ये एकही दिवस मोकळा नाही, एकही दोनदा नाही. सही करायच्या आधी मी बोटांवर मोजलं, मार्चचे दहा आणि एप्रिलचे आठ. वकीलसाहेब हसले. "आता कशी शिकलात!" मामांना मोजायचं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की आठच्या दुसऱ्या दिवशी पाडवा येतो ना, आणि अंगठा टेकवला.

पिल्लं आली. बॅच चांगली गेली, पिल्लांत मर फार झाली नाही. एप्रिल लागल्यावर गाडी येऊन पक्षी घेऊन गेली. आम्ही दोघांनी तूस उपसलं, शेड धुतली, भांडी उपडी घालून वाळवली. आठ तारखेला संध्याकाळी मी किल्ली घेऊन मामांच्या दारात गेले, कारण कागदावर आठ तारीख होती.

मामा हात मागे घेत म्हणाले, "आज आवस हाय पोरी. आवसंला मी किल्ली घ्यायचो न्हाई. उद्या गुढी उभारली की आन."

"मामा, मुदत आज संपते."

"संपू दी की. कागदाला सांगतो मी."

मी किल्ली मुठीत धरून परत निघाले. घरी नवऱ्याची पुण्याची बॅग भरून ठेवलेली होती. या माणसाने दिलेला शब्द पुरा पाळला होता, वर एक रात्र जास्त दिली होती. मुदत आणि तारखा आता चोख जुळत होत्या, आणि त्या मीच जुळवून घेतल्या होत्या. भांडायला कुठे फट उरली नव्हती. रस्त्यात मला रडू कोसळलं. कोणावर तरी चिडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं फार वाटलं.