मागच्या गेटाने यावे

पदवी हातात पडली त्या वर्षी मला उल्हासनगरच्या एका साप्ताहिकात काम मिळालं. आमच्या घरात छापून येणाऱ्या कशात तरी नोकरी करणारी मी पहिलीच. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगी पेपरात आहे, हे ते वस्तीतल्या प्रत्येकाला सांगत. मी तिथे करते काय, हे मात्र त्यांना नीट सांगता येत नसे. खरं तर मलाही येत नसे.

साप्ताहिकाचं ऑफिस एका सिंधी शेठच्या कापडदुकानाच्या वर होतं. एक खोली संपादकांची, मागच्या लांबट खोलीत छपाई. संपादक बदलापूर गावातले निवृत्त शिक्षक. माझं लिखाण ते वहीसारखं तपासायचे, लाल शाईनंच. मागच्या खोलीत आमचे कंपोझिटर उभ्यानं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत. वय पन्नाशीचं, राहायला अंबरनाथच्या कारखान्यांलगतच्या पालेगावात. हातातल्या पट्टीत एकेक अक्षर उलटं बसवताना ते मॅटर पुटपुटत वाचायचे, त्यामुळे आपण काय लिहिलंय ते आपल्यालाच ऐकू यायचं.

एका बुधवारी दुपारी अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्याकडून पाकीट आलं. आत फोटो आणि इंग्रजीत टाइप केलेली पानभर प्रेसनोट. फोटोत जनरल मॅनेजर फीत कापत होते आणि शेजारी पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरबाई उभ्या होत्या. संपादकांनी फोटो छपाईचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करायला पाठवला आणि मला म्हणाले, बातमी नको, जागा नाही. फोटोखाली ओळी द्या. दोन कॉलमांचा ब्लॉक आहे, पाच ओळींच्या वर जाऊ नका.

इंग्रजी नोट मला फार भारदस्त वाटली. व्यवस्थापनाला जाहीर करताना आनंद होत होता, सामाजिक बांधिलकी अढळ होती, परिसरातील रहिवाशांपर्यंत वैद्यकीय सुविधांचा विस्तार होत होता. कॉलेजात इंग्रजीत मला बरे मार्क असायचे. मी शब्दाला शब्द लावत गेले: 'परिसरातील रहिवाशांच्या सामाजिक उन्नतीप्रती असलेल्या आपल्या अढळ बांधिलकीचे प्रतीक म्हणून व्यवस्थापनाने आपल्या अंतर्गत वैद्यकीय सुविधांचा विस्तार करून सौजन्यपूर्ण सल्लामसलत उपलब्ध करून दिल्याचे जाहीर करण्यास आनंद होत आहे.' एकच वाक्य, बरोबर पाच ओळी. मी खूश होऊन कागद मागे नेऊन दिला.

कंपोझिटर पुटपुटत जुळवू लागले. 'अढळ बांधिलकीचे'पाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मला हाक मारली. सुधारणा सांगायची त्यांची पद्धत नव्हती. ते फक्त विचारायचे.

"ताई, हे आमच्या गावासाठीच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्या आईला न्यायचं तर कुठं न्यायचं?"

मी माझा कागद पुन्हा वाचला. त्यात दवाखाना हा शब्दच नव्हता. वार नव्हता, वेळ नव्हती. इंग्रजी नोट आणून शोधली, तर तिच्यातही शेवटच्या परिच्छेदात 'आठवड्यातून दोनदा' एवढंच. कंपोझिटर शांतपणे म्हणाले, त्या कारखान्याच्या गेटावर आमच्या माणसाला वॉचमन उभं राहू देत नाही. कामाला असेल त्यालाच आत सोडतो. आईचे गुडघे धरलेत, पण असल्या गेटावर कोण जाईल विचारायला.

मला लाज वाटली. आमच्याही घरात गेटपास नावाच्या कागदाला किती मान होता ते मला माहीत होतं. वडील तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत.

मी संपादकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. लाल पेन बाजूला ठेवून त्यांनी माझ्या पाच ओळी वाचल्या. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही कारखान्याचं बोलणं मराठीत आणलंत. वाचणारा पालेगावात बसलाय, त्याच्याशी बोला. आणि 'सौजन्यपूर्ण' म्हणजे फुकट का, ते विचारून घ्या. आपल्या मनानं फुकट लिहू नका, उद्या कुणाच्या हातात बिल पडलं तर तो आपल्याला विचारील."

गुरुवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी त्या कारखान्यावर गेले. मलाही वॉचमननं वीस मिनिटं बाहेर ताटकळत ठेवलं. मग वेल्फेअर ऑफिसर आले. नोट त्यांनीच लिहिली होती. माझे प्रश्न ऐकून ते जरा नाराज दिसले, कारण त्यांच्या मते नोटेत सगळं होतं. पण त्यांनी मला डॉक्टरबाईंकडे नेलं आणि बाईंनी पटापट उत्तरं दिली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. तपासणी फुकट. दवाखान्यात असतील ती औषधंही फुकट. नसतील ती लिहून देणार, बाहेरून घ्यावी लागतील. मी गेटाचं विचारलं तेव्हा त्या ऑफिसरांकडे बघायला लागल्या. त्यावर कुणी विचारच केलेला नव्हता. ऑफिसर आत जाऊन कुणाशी तरी बोलून आले आणि म्हणाले, मागचं गेट पालेगावच्या बाजूला आहे, त्या दोन दिवशी ते उघडं ठेवू. पास लागणार नाही.

"हे छापा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे आधी छापा."

दुपारी मी वर कारखान्याचं नाव देऊन नव्या ओळी लिहिल्या: 'पालेगाव व आसपासच्या लोकांना आता या कारखान्याच्या दवाखान्यात तपासून घेता येईल. दर मंगळवारी व शुक्रवारी, दुपारी तीन ते पाच. मागच्या गेटाने यावे, पास लागत नाही. तपासणी फुकट; दवाखान्यात असलेली औषधेही फुकट.' शेवटी फीत कोण कापतंय आणि शेजारी कोण आहे, ती दोन नावं. कंपोझिटरांनी जुळवायला घेतलं आणि या वेळी ते कुठेही थांबले नाहीत. एक ओळ जास्त होत होती, तेव्हा त्यांनीच ओळींमधल्या शिशाच्या बारीक पट्ट्या काढून जागा केली. प्रूफ हातात देताना म्हणाले, आईला वाचून दाखवतो.

शनिवारी अंक निघाला. सोमवारी वेल्फेअर ऑफिसरांचा खालच्या शेठच्या टेलिफोनवर फोन आला. मी धावत जिना उतरले. जनरल मॅनेजर साहेबांचं नाव शेवटच्या ओळीत का, आणि बांधिलकी कुठे गेली, असं ते विचारत होते. मी म्हटलं, साहेब फोटोत सगळ्यात मोठे दिसतायत. शेठ गल्ल्यावर बसून हसू दाबत होता.

मंगळवारी संपादकांनी मला मुद्दाम पाठवलं. मागच्या गेटाबाहेर अडीचलाच रांग लागली होती. म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, एक आजोबा तर आमचा अंक घडी करून छातीशी धरून आले होते, पास म्हणून. वॉचमनला ते तो उघडून दाखवत होते आणि वॉचमन म्हणत होता, बाबा, नको, जा आत. कंपोझिटरांची आई रांगेत खाली बसली होती. माझी ओळख सांगताच तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं, आणि तिचा नंबर येईपर्यंत कोणत्या गुडघ्यात कधीपासून कळ येते ते मी सगळं ऐकलं. डॉक्टरबाई साडेसहापर्यंत बसल्या. वेल्फेअर ऑफिसर स्वतः माणसांना आत सोडत होते, आणि त्यांचा चेहरा फोनवरच्या आवाजापेक्षा फारच चांगला होता.

संध्याकाळी मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी अंक मागून घेतला. फोटोखालच्या ओळी हळू आवाजात वाचल्या, दोनदा. आईनं विचारलं, ही बातमी हिनं लिहिली? वडील म्हणाले, बातमी नाही, पत्ता सांगितलाय. पुढे कुणी विचारलं की आपली मुलगी काय काम करते, तर ते हेच सांगत.

दोन महिन्यांनी त्याच कारखान्याचं दुसरं पाकीट आलं. या वेळी शिवणवर्गाचं होतं. इंग्रजी पूर्वीइतकीच भारदस्त, आनंद होण्यापासून सुरू. पण पानाच्या तळाशी ऑफिसरांनी पेन्सिलीनं, वळणदार मराठीत लिहिलं होतं: 'कुठे, कधी, कोणासाठी, काय आणायचे', आणि प्रत्येकापुढे उत्तर. संपादकांनी तो कागद मला दिला आणि लाल पेन न उघडताच चहा मागवला.