इस्त्रीचा घाम

सदऱ्याची कॉलर झाली, एक बाही झाली. दुसरी बाही पाणी शिंपडून तशीच फळीवर पडली होती, आणि इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली.

"दार लाव गं. थंडी वाजतेय."

बायको हसली. "निखाऱ्याशेजारी उभं राहून थंडी? अहो, गिऱ्हाइकं ऐकतील तर कपडे परत नेतील."

पण त्याचे दात कडकड वाजायला लागले तशी ती दोन घोंगड्या घेऊन धावली. तासाभरात अंग तव्यासारखं तापलं. मग घामानं अंथरूण भिजलं आणि तो उठून पुन्हा फळीशी उभा राहिला. "गेला बघ ताप."

ही तिसरी खेप. एक दिवस ताप, एक दिवस बरा. घामाचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. जन्मभर इस्त्रीपुढे उभा राहणारा माणूस, तो घामानं निथळायचाच!

दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती आरोग्य केंद्रात मदतनीस होती.

"वहिनी, ताप येतो कसा?"

"दिवसाआड, वन्सं. आधी हुडहुडी, मग ताप, मग घाम..."

"हिवताप असेल. दादा, ऊठ, आजच रक्त तपासू."

"आज बरा आहे गं. ताप आला की येतो."

"ताप नसला तरी रक्तात सापडतो."

"हॉटेलच्या चादरी उद्या द्यायच्यात."

"त्या चादरींना हिवताप होत नाही, तुला होतो!"

तो हलला नाही. हात टेकून नणंदेनं वहिनीला बजावलं: पाणी पाजत राहा, तापाची गोळी ठरल्या वेळीच द्या, अंग तापलं की घोंगड्या काढून साध्या पाण्यानं पुसा, मच्छरदाणी लावा, घरातल्या जुन्या गोळ्या देऊ नका. "आणि हे सगळं तपासणीच्या बदल्यात नाही हं. बरळला, गुंगीत गेला, तर क्षणभरही थांबू नका."

वहिनीनं देवाचं नाव घेत सगळं मन लावून केलं. एक तपासणीच तेवढी राहिली. आपण काहीतरी करतोय, या समाधानात आणखी दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. केंद्रात बोटाला सुई टोचली आणि पाव तासात पट्टीवर हिवताप उमटला. डॉक्टरांनी लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं शिरेतून औषध सुरू झालं.

"वाचतील ना?" तिनं विचारलं.

"औषध चालू आहे," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे वळले.

तिनं त्याचा हात धरला. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "बाई, तुमचे कपडे परवा मिळतील."

तिनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. इतक्यात परिचारिका आली. त्याच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. परिचारिकेनं हातात चिठ्ठी दिली तशी बायको निघाली. रक्तपेढीतून दोन पिशव्या रक्त आणायचं होतं.