पंचेचाळीस अंशांना अर्धा वेग

हवामान केंद्रात सगळे तिला दुर्बीणबाई म्हणत. एकतीस वर्षांपूर्वी ती टंकलेखिका म्हणून आली. पुढे माणसं कमी पडली, तेव्हा तिला थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीवर बसवलं आणि ती तिथेच रमली. आकडे नुसते उतरवणं तिच्या पचनी पडेना, म्हणून चाळिशीत तिने नणंदेकडून गणित शिकायला घेतलं. वन्सं शाळेत शिकवत. पोळ्या लाटता लाटता त्या विकलजं, म्हणजे बदलाचा वेग काढायचं गणित, समजावत, आणि चुकलं की लाटणं उगारत.

त्या वर्षी फुग्यांची नवी पेटी आली. वैमानिकांना वरच्या वाऱ्याचा अंदाज या फुग्यांवरून दिला जाई. त्यासाठी फुगा ठरलेल्या वेगाने, मिनिटाला एकशे ऐंशी मीटर चढायला हवा. तपासणीसाठी तिने दुर्बिणीपासून सहाशे मीटरांवरून एक फुगा सोडायला लावला आणि दर मिनिटाचा उन्नतकोन टिपला : सोळा पूर्णांक सात, एकतीस, बेचाळीस, पन्नास पूर्णांक दोन, छप्पन्न पूर्णांक तीन.

नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी कागदावरून बोट फिरवलं. पहिल्या मिनिटात जवळपास सतरा अंश, पाचव्यात जेमतेम सहा. फुगे गळतात, पेटी परत पाठवा, असा त्यांनी शेरा मारला. दुसरी पेटी यायला दोन महिने लागणार होते. तोवर वैमानिकांनी काय, वाऱ्याला विचारून उडायचं?

दुर्बीणबाई शेरा घेऊन परत साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, फुगा मंदावलेला नाही. कोन मंदावलाय, आणि तो मंदावायलाच हवा."

साहेब म्हणाले, त्यांना कामं आहेत. ती हलली नाही. उद्या पहाटे त्यांनी स्वतः दुर्बिणीला डोळा लावावा, एवढंच तिचं मागणं होतं. काय दिसेल ते ती आधीच लिहून देणार होती. चुकलं तर पेटी ती स्वतः बांधून देईल. तिच्या चिकाटीपुढे साहेबांनी मान तुकवली, पण मनापासून नाही.

घरी वन्संनी तिचा कागद चष्म्याजवळ धरून तपासला. "उत्तर बरोबर आहे, पण तुझा साहेब कारण विचारेल. ते काय सांगशील?" दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

पहाटे वारा पूर्ण पडलेला होता. सहाशे मीटरांवरून फुगा सोडणारा मदतनीस फोनवर सांगत होता, फुगा थेट डोक्यावर चाललाय. तिच्या कागदावर दोन ओळी होत्या. तीन मिनिटं वीस सेकंदांनी कोन पंचेचाळीस अंश, आणि तिथे कोनाचा वेग सुरुवातीच्या निम्मा. पाच मिनिटं सेहेचाळीस सेकंदांनी साठ अंश, आणि वेग पाव.

साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, तिने घड्याळ धरलं. पंचेचाळीसला दोन सेकंदांचा फरक पडला, साठला तीन. सुरुवातीला मिनिटाला सतरा अंशांच्या वेगाने फिरणारी दुर्बीण पंचेचाळीसला साडेआठ अंशांनी फिरत होती, आणि साठला सव्वाचार अंशांनी.

"का?" साहेबांनी विचारलं. आवाजात आता वाद नव्हता.

"दोन कारणं. फुगा वर जातो तसा आपल्यापासून लांब जातो, आणि लांबचं सावकाश सरकतं. शिवाय तो आता आपल्या नजरेला आडवा कमी आणि नजरेच्या रेषेतच जास्त पळतोय. दोन्हीकडून एकेक कोसाइनचा गुणक येतो, म्हणून कोसाइनचा वर्ग. तोच हिशेब उलटा केला की कोनाच्या वेगावरून फुग्याचा खरा वेग निघतो."

मग तिने हट्टच धरला, एका फुग्यावर पेटीचा निकाल लावायचा नाही. आणखी नऊ सोडायचे. साहेब नाश्ता विसरून दुर्बिणीपाशीच उभे राहिले.

सातव्या फुग्याला साठ अंश गाठायला उशीर झाला. तिथे कोनाचा वेग सव्वाचार हवा होता, तो साडेतीनच्याही खाली भरला. तिने आकडेमोड केली : सहाशे मीटर, गुणिले चार, कारण साठ अंशांना वेग पाव होतो, गुणिले कोनाचा वेग रेडियन या एककात, शून्य पूर्णांक शून्य सहा, म्हणजे मिनिटाला एकशे चव्वेचाळीस मीटर. क्षणभर तिची पेन्सिल थांबली. आपली बाजू लंगडी करणारा आकडा होता तो. पण तिने तो ठळक लिहिला आणि पुढे 'हा गळतो' असं नोंदवलं.

बाकीचे नऊ चोख निघाले. साहेबांनी आपला शेरा खोडला आणि पेटी ठेवून घेतली. यापुढे रोज सोडायचा प्रत्येक फुगा भरल्यावर काही वेळ बांधून ठेवून गळती पाहावी, आणि दर पेटीतले दहा फुगे बाईंच्या पद्धतीने तपासावेत, असा आदेश निघाला. आदेशाचा मसुदा त्यांनी तिच्याकडूनच लिहून घेतला.

तिने तो स्वतः टंकित केला. इतक्या वर्षांनंतरही बोटं अडखळली नाहीत. मसुदा करणारी म्हणून खाली तिचीही सही हवी होती; तिच्या पदाच्या रकान्यात काय लिहायचं, असं कारकुनाने विचारलं. ती म्हणाली, "निरीक्षक. आणि वेलांट्या नीट बघ."